मेलमधलं माझं आजारपण

मागच्या वर्षी मी एका मेलमध्ये आजारी पडले. खरं तर त्या वेळी मी कर्जतच्या आमच्या घरात, फॅनखाली बसून वाल सोलत होते आणि दोन पोळ्या जास्तच खाल्ल्या होत्या. मला आजारी पाडलं नातीनं.

नात बायोटेकच्या शेवटच्या वर्षाला. सहा महिने कुठंतरी इंटर्नशिप करायचीच असते. खालापूरकडच्या मसाल्याच्या कारखान्यात मालाची तपासणी करणाऱ्या लॅबमध्ये तिची निवड झाली. तिनं मेलवर 'हो, येते' कळवलं. सहीचं पत्र यायचं होतं, पण तिकडच्या मॅडमनी स्टाफच्या बसमध्ये तिची जागा धरली आणि पायाचं माप विचारून घेतलं. तिथं जाड बुटांशिवाय आत सोडत नाहीत.

आणि चारच दिवसांत भाताच्या रोगांवर काम करणाऱ्या लॅबमधून होकार आला. पोशीरच्या आमच्या शेतात करपा पडायचा तेव्हापासून पोरीला हेच करायचं होतं. उत्तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत द्यायचं होतं.

मला वाटलं उडी मारेल. ती पलंगावर बसून भिंतीकडं बघत राहिली. चहा गार झाला. मग तिनं मोबाईलवर काहीतरी लिहिलं.

"वाच बघू," मी म्हटलं.

आजी अचानक गंभीर आजारी, घरी दुसरं कोणी नाही, म्हणून येता येणार नाही. असं होतं ते.

"काय झालंय गं मला?"

"ते नाय लिहिलं."

"निदान चांगला रोग तरी दे. कुणी विचारलं तर मला ठाऊक हवा."

ती हसली नाही. मग मी तिला माझी गोष्ट सांगितली. ती ऐकून हसणाऱ्यांत मी पहिली असते.

मी तिच्याएवढी असताना दहिवलीच्या एका शिवणकामाच्या बाईंकडं हाताखाली जायचं कबूल केलं होतं. बाईंनी माझ्यासाठी जुनं मशिन दुरुस्त करून घेतलं. तेवढ्यात खालापूरला बालवाडीच्या ट्रेनिंगला माझा नंबर लागला. मला हवं होतं तेच. आता सरळ जाऊन सांगावं की नाही? पण मी हुशार ना. निरोप धाडला, आत्या वारली, यायला जमणार नाही.

चौथ्या दिवशी बाई भेटायला आल्या. दार उघडलं आत्यानं. पाणीही तिनंच दिलं. हुशार पोर भाताच्या कणगीमागं, गोगलगायीसारखं अंग चोरून. बाईंनी पाणी पिऊन भांडं खाली ठेवलं. "बरं हाय ना समदं?" एवढंच विचारलं आणि गेल्या. मी बाहेर आले तेव्हा ना लाज वाटली, ना रडू आलं. पाय झोपतो तसं आतलं सगळं झोपलं होतं. पुढं किती वर्षं मी दहिवलीला लांबच्या वाटेनं गेले.

नातीनं मेल पुसला. दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजात इंटर्नशिप बघणाऱ्या सरांना फोन लावला. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या. भाताच्या लॅबचं लेखी आलंय का? आलं होतं. कारखान्याच्या पत्रावर सही केलीस का? नव्हती केली.

"मग आधी मॅडमना फोन, नंतर मेल. आजच. त्यांना दुसरं कोणी शोधायला वेळ मिळू दे. कारण खरं सांग, पण रामायण नको."

तिनं स्पीकर लावला. आवाज अगदी सपाट. "मॅडम, मी येते म्हटलं होतं, पण मला भाताच्या रोगांवरचं काम मिळालंय. तोच माझा विषय आहे. म्हणून तुमच्याकडं येत नाही. तुम्ही जागा धरली होती, सॉरी."

मी वाल सोलायची थांबले.

"बूट आलेत," मॅडम म्हणाल्या. "चार नंबर."

"सॉरी मॅडम."

"ठीक आहे. रुजू व्हायच्या दिवशी फोन बंद ठेवणारे असतात, त्यापेक्षा बरं. मेल टाक. वर्गातली कोणी रिकामी असेल तर सरांना कळवायला सांग."

मेल चार ओळींचा झाला. आभार, नकार, कारण, माफी. माझी तब्येत त्यात कुठंच नव्हती. मग भाताच्या लॅबला होकार गेला.

"आता बरं वाटतंय?" मी विचारलं.

"काहीच वाटत नाय, आजी."

"मग जेव."

जेवली. काय जेवली ते तिला सांगता आलं नसतं.

कारखान्यातली जागा सरांनी तिच्याच मैत्रिणीला दिली. महिनाभरानं आम्ही दोघी सकाळी कर्जतच्या चार फाट्यावर रिक्षाची वाट बघत होतो, तेव्हा कारखान्याची बस समोर थांबली. मैत्रिणीनं खिडकीतून हात केला. तिच्या शेजारी एक बाई बसल्या होत्या. त्याच मॅडम असाव्यात, कारण नातीनं मान लववली आणि त्यांनीही लववली. नात जागची हलली नाही.

मी मात्र तोवर भाजीच्या टेंपोमागं जाऊन उभी राहिले होते.

"आजी, तू कशाला लपलीस?"

"सवय गं," मी म्हटलं.