धोंडूचं सुधारलेलं नाक

सत्तावन्न सालच्या फ्लूनं लालबागची अर्धी चाळ अंथरुणाला खिळली, त्यात गिरणी कामगार धोंडूही होता. ताप उतरला, पण नाक गेलं. कापूर हुंगला तरी वास नाही, बांगडा हुंगला तरी नाही. खारट, तिखट, आंबट तेवढं जिभेला कळायचं. बायको अंबिका पुढ्यात ठेवील ते तो निमूट गिळायचा. ताट लख्ख, अंबिका खूश.

दोनेक महिन्यांनी वास परत आला आणि संसाराचा विचका झाला. अंबिका वाटपासाठी कांदा-खोबरं भाजत होती. कामावरून आलेला धोंडू उंबऱ्यातच थबकला. तव्यावरून मेलेल्या उंदराची घाण येत होती. लसूण, तळलेली मासळी, सगळ्याला तीच दुर्गंधी. तोंडाला पंचा लावून तो गॅलरीत पळाला.

"अगो, काहीतरी कुजलंय!"

"नाक मेलं होतं तेव्हा चाटूनपुसून खाल्लंत," अंबिका कडाडली. "आता नाक जागं झालं, तर माझ्या हातचं कुजलं?"

चाळीचाही हिशोब तोच. वास येतो म्हणजे नाक बरं, नाक बरं म्हणजे खोट स्वयंपाकात. शेजारचा बुधाजी तवा हुंगून "फक्कड!" म्हणाला, तेव्हा खोट धोंडूच्या मनात ठरली. बायको नकोशी झालीय, दुसरं काय? अंबिकेनं गावी जायला गाठोडं बांधलं.

परळच्या इस्पितळात डॉक्टरांनी धोंडूला समजावलं. "आधी वासाच्या नसा निकामी होत्या, म्हणून काहीच कळत नव्हतं. आता त्या पुन्हा फुटतायत, पण जोडणी चुकलीय. चांगल्या कांद्याचा निरोप मेंदूला कुजका म्हणून पोचतो. ही सुधारणाच समजा. वर्षही लागेल. तोवर भाजलेलं-तळलेलं टाळा, साधं आणि गार खा."

"सुधारणाच आहे," धोंडूनं घरी सांगितलं. अंबिकेनं गाठोड्याला आणखी एक गाठ मारली.

त्याच आठवड्यात संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा निघाला. त्यात चालताना उपाशी धोंडू भोवळ येऊन बसला, तो नेमका पोलिसांच्या गाडीपुढे. रस्ता अडवला म्हणून महिनाभराची कैद झाली. तुरुंगात गार भात आणि बिनफोडणीची पाणचट डाळ. बाकीचे सत्याग्रही त्या डाळीविरुद्ध घोषणा देत होते, आणि धोंडू त्यांच्या वाटच्या डाळीवर हात मारत होता.

सुटला तेव्हा चाळीनं हार घातले. "जेवणाचे फार हाल झाले असतील," पुढारी म्हणाले.

"छान होतं," धोंडूनं खरं ते सांगितलं. अशा त्यागाला टाळ्या थांबेनात.

घरात गाठोडं सुटलेलं होतं. नवरा तुरुंगात उपाशी असेल म्हणून अंबिकेनंही महिनाभर फोडणी घातली नव्हती. सुटकेची खबर उशिरा लागली, त्यामुळे आजही गार भात आणि साधी डाळच होती. तिनं ओशाळून वाढलं. धोंडूनं पहिला घास घाबरत घेतला. घाण आली नाही. तिसऱ्यांदा भात मागितला तेव्हा अंबिकेला रडू फुटलं. त्यालाही भरून आलं. या बाईच्या हातचं पोटभर जेवायला तो तरसला होता.

"तुरुंगानं नाक सरळ केलं हो तुमचं," डोळे पुसत ती हसली. किती दिवसांनी हसली! "उद्या कोंबडी करते. कांदा-खोबरं चांगलं करपेस्तोवर भाजून, लसूण घालून."

त्या चेहऱ्याला नाही म्हणायची धोंडूची छाती झाली नाही. त्यानं हात धुतला आणि गॅलरीत येऊन हळूच विचारलं, "बुधाजी, पुढचा मोर्चा कधी रे?"