चालू स्थितीत पाहिली

शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीतून बाहेर पडून अरुणा मगदूमनं गाडी सावलीला लावली आणि दिवसभराच्या पाहणीची टिपणं लॅपटॉपवर उतरवायला घेतली. 'नवी मोल्डिंग लाइन चालू स्थितीत पाहिली,' असं तिनं लिहिलं. पुढच्या ओळीकडे जाता जाता तिची बोटं थांबली.

लाइनचा आवाज कसा होता?

जुन्या शेडमधल्या भट्टीची घरघर तिला आठवत होती. वाळू हलवणारी चाळण, क्रेनची घंटा, सगळं कानात होतं. साचे बनवणाऱ्या त्या नव्या लाइनचा मात्र काहीच आवाज आठवेना. तिथून जाताना फाउंड्रीचे मालक उदयसिंह खराडे सोबत होते आणि तिच्या मुलीच्या ॲडमिशनची चौकशी करत होते. बोलत बोलत दोघं शेडच्या दुसऱ्या दारातून बाहेर पडले होते. मग बंगल्यावर जेवण. शालूकाकींनी, म्हणजे उदयसिंहांच्या आईनं, नेहमीसारखा तिच्यासाठी कांदा-लसणाशिवाय वेगळा स्वयंपाक केला होता. त्या घरात अरुणासाठी वेगळी कढई आणि तवा होता. जैन माणसाला विटाळ नको म्हणून काकी ती भांडी कुणाला वापरू देत नसत.

अरुणानं मागच्या वर्षीची फाइल उघडली. त्यातही तिनं हेच वाक्य लिहिलं होतं. शब्दन् शब्द हेच.

तिनं गाडी परत वळवली.

शेडमध्ये कुणी नव्हतं. लाइनच्या पट्ट्यावर धूळ होती, तिच्यावर पावसाच्या गळतीचे डाग होते आणि त्यावर पुन्हा धूळ. धूर ओढणाऱ्या हुडाखाली कबुतरांनी घरटी केलेली, खाली विष्ठेचा जाड थर. एका पावसाळ्यात साठेल त्याहून तो जास्त होता. ट्रॅक्टर कंपनीच्या ज्या ऑर्डरीसाठी ही लाइन आणली, त्या ऑर्डरी गेल्या असणार. शेजारच्या शेडमध्ये लोखंड ओतल्याचा उजेड भिंतीवर हलत होता. ती एकटीच उभी होती आणि तिला मनातून भीती वाटली. उदयसिंहांची नाही, स्वतःच्या डोळ्यांची.

मागच्या वर्षी ही चालू होती का? तिनं डोक्याला खूप ताण दिला. आठवेना.

अरुणा कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या सीए फर्ममधली भागीदार; खराडेंच्या फाउंड्रीचं ऑडिट तिच्याकडे. फर्म तिघांची. सर्वांत थोरले बापूसो उपाध्ये, त्यांना सगळे अण्णा म्हणत. अरुणा त्यांच्याच हाताखाली शिकलेली. तिसरा धैर्यशील, तो सल्ल्याची कामं बघायचा. ही लाइन घेताना पुढच्या कमाईचा अंदाज त्यानंच करून दिला होता आणि त्यावर बँकेनं कर्ज दिलं होतं. कायद्यानं ऑडिटरला ज्या कामांची नाव घेऊन बंदी केली आहे, त्यांत हे बसत नव्हतं. कंपनीच्या संचालक मंडळाचा ठरावही होता. 'सल्लावाले वरच्या मजल्यावर, ऑडिटवाले खालच्या,' असं अण्णांनी ठरवून दिलं आणि विषय मिटला.

पण आता लाइनची पुस्तकातली किंमत पुढच्या कमाईतून वसूल होणार का, हे ऑडिटरनं तपासायचं होतं. वसूल होत नसेल तर किंमत खाली आणावी लागते. कंपनीनं पुरावा म्हणून तोच धैर्यशीलचा अंदाज पुढं केला होता, यंदा त्यानंच नवे आकडे भरून दिलेला.

दुसऱ्या दिवशी तिनं दोघांना समोर बसवलं.

"लाइन बंद आहे," ती म्हणाली. "आणि ती चालू धरून केलेला अंदाज आपलाच आहे."

धैर्यशीलचा चेहरा उतरला. "मला उदयसिंहांनी ऑर्डरी सांगितल्या, त्या मी धरल्या. मी शेडमध्ये गेलोच नव्हतो."

"मी गेले होते. तरी बंद आहे हे दिसलं नाही. वीस वर्षं त्या घरात जेवतेय मी, धैर्यशील. ते जे सांगतात ते मला दिसायला लागलंय."

"मग तू बाजूला हो. वेगळी टीम लावू. सांगलीच्या सीए स्नेहल कुलकर्णींकडून बाहेरून तपासून घेऊ. नियमात हे उपाय दिलेत की."

"छोट्या कामाला चालतात ते. इथं सगळा ताळेबंद या एका अंदाजावर उभा आहे. स्नेहलनी तपासलं तरी अहवालावर सही आपल्याच फर्मची. अंदाज तुझा, तपासणी माझी, नफा तिघांचा. स्वतःचा पेपर स्वतः तपासून मार्क द्यायचे आणि शेजारच्याला फक्त बेरीज बघायला सांगायची, असं होईल ते."

अण्णा हळू आवाजात म्हणाले, "ऑडिटचा राजीनामा द्यायचा तर वैयक्तिक कारण लिहू."

"खरं कारण लिहायचं, अण्णा. राजीनाम्याचा फॉर्म सरकारदरबारी जातो. आणि आपण गुपचूप निघालो तर पुढचा ऑडिटर आपल्यासारखाच न बघता शेडच्या त्या दारातून बाहेर पडेल."

अण्णा उठले आणि दार नीट लागलंय का बघून आले. इतक्या वर्षांत अण्णांना घाबरलेलं तिनं प्रथमच पाहिलं.

उदयसिंहांना सांगायला ती स्वतः बंगल्यावर गेली. त्यांनी दार लावून घेतलं.

"अरुणा, तू आमच्या घरातली हायस. लाइन चालू व्हणार हाय, बोलणी चाललीत. आत्ता किंमत पाडलीस तर बँक गळा धरंल. कामगारांची तीनशे घरं हायत माझ्या जीवावर."

"दादा, बँकेला तुम्हीच आधी सांगा. संचालकांची बैठक घ्या आणि लाइन बंद आहे हे नोंदवा. आम्ही सही करू शकत नाही. सल्लाही आमचा आणि तपासणीही आमची, हे चुकलंच."

"आणि मागल्या वर्षी केलीस ती सही?" ते शांतपणे म्हणाले. "ती कुणाची व्हती? मी बुडालो तर एकटा बुडणार न्हाय, एवढं ध्यानात ठेव."

ती उठली. व्हरांड्यात शालूकाकी भेटल्या. "जेवून जा की गं," म्हणाल्या. अरुणाला नाही म्हणताना रडू आलं. काकी बघतच राहिल्या. त्यांना काहीच ठाऊक नव्हतं.

राजीनामा गेला. त्यात दोन्ही गोष्टी लिहिल्या: अंदाज आमच्याच फर्मनं केलेला होता, आणि लाइन बंद आढळली. संचालक मंडळानं पुण्याचे ऑडिटर नेमले. रीतीप्रमाणे त्यांनी काम घेण्याआधी अरुणाला फोन केला. सगळं विचारून झाल्यावर त्यांच्याकडचा ऋतुराज नावाचा भागीदार म्हणाला, "मॅडम, मागच्या वर्षी लाइन चालू होती का?"

ऑफिसात पंखा फिरत होता. हो म्हणणं सोपं होतं. कागदही तेच सांगत होते.

"माझ्या टिपणात चालू असं आहे," ती म्हणाली. "पण मी खात्रीनं सांगू शकत नाही. मला माहीत नाही."

ऋतुराजनं विचारलं, "असंच लेखी द्याल?"

"देते."

नव्या ऑडिटरनी वीजबिलं काढली. लाइन मागच्या वर्षीच्या सहीआधीच थांबली होती. किंमत उतरवली गेली, मागच्या वर्षाचे आकडेही दुरुस्त झाले. बँकेनं हप्ते लांबवले. फाउंड्री एका पाळीवर का होईना, चालू राहिली. उदयसिंहांनी अरुणाविरुद्ध तक्रार केलेली नाही. पण बँक करू शकते, सीए संस्था स्वतःहून विचारू शकते. कधी, हे कुणालाच सांगता येत नाही.

ऑडिटच्या क्लायंटला सल्ला देणं फर्मनं बंद केलं. ओळखीची घरं नकोत म्हणून अरुणाचे जुने क्लायंट धैर्यशीलकडे गेले, त्याचे तिच्याकडे आले. हल्ली ती हातकणंगल्याच्या एका सूतगिरणीत ऑडिटला जाते. तिथं तिला कुणी ओळखत नाही. चहा नको म्हणते. एकेका यंत्रापाशी थांबते, हात लावून गरम आहे का बघते, पुढं गेल्यावर पुन्हा मागं येऊन बघते. तिथले लोक आपसांत हसतात. तिला ते कळतं, आणि तरीही ती मागं येते.