हळदीच्या मांडवात गप्प बसलेली माझी मैत्रीण

माझी कुडवा गावची मैत्रीण ज्या लग्नात गायली नाही, ते लग्न लागलं असं मी तरी धरत नाही. आमच्याकडे हळदीला बाया व्याह्यांच्या नावाने चेष्टेची गाणी म्हणतात, आणि त्या कामात हिच्यासारखी बाई जिल्ह्यात दुसरी नाही. ही रिकाम्या हाताने येत नाही, तपास करून येते. कोणत्या व्याह्याचं पोट सुटलं, कोण मिशीला रंग लावतो, कोण बायकोला घाबरतो, सगळी खबर आधी गोळा करते. मग खड्या आवाजात एकेकाचं नाव ओवून गाते. एका नवरदेवाचा मामा तर तिचं गाणं संपेपर्यंत सैपाकाच्या मांडवात भाताच्या मोठ्या गंजाआड लपून होता. 'मामाजी, गंजावरून ढेरी दिसून राहिली,' असं तिने तिथेच जोडून टाकलं. मी तिला म्हटलं होतं, "जरा दमानं घे वं." तर म्हणे, "कायले? त्याईची ढेरी दमानं वाढली का?"

आणि हीच बाई माझ्या नातीच्या हळदीला आमच्या गावी, बोदलकशाला आली ती मांडवाच्या पार टोकाला, पाण्याच्या ड्रमजवळ जाऊन बसली. मी हात केला, तर नुसती मान हलवली. बायांनी गाणं धरलं तशी उठली आणि न जेवता ऑटोत बसून निघून गेली. सून म्हणाली, "मावशी नाराज दिसल्या. मानपानात काही राहिलं असेल."

तरुणपणीची मी असते तर तिथेच निकाल लावला असता. त्या काळी मीच वकील, मीच साक्षीदार आणि मीच जज्ज. समोरच्या बाईला आपल्यावर खटला चालू आहे याचा पत्ताही नसायचा. एका जावेने हळदीकुंकवात माझ्याकडे पाहिलं नाही म्हणून मी वर्षभर तिच्याशी तुटक वागले. शेवटी कळलं, तिचा चष्मा फुटला होता! आता मात्र मला रागापेक्षा उत्सुकता जास्त. फोनवर विचारलं असतं तर 'काही नाई' म्हणून तिने सोडवून घेतलं असतं, आणि लग्नघरात चार कान जास्त. म्हणून पाहुणे गेल्यावर सुनेच्या स्कूटीवर मागे बसून कुडव्याला गेले. सुनेला बाजाराला पिटाळलं.

मैत्रीण अंगणात विळीवर लोणच्याच्या कैऱ्या चिरत होती. मी समोर बसून फोडी पुसायला घेतल्या. हात कामात असले की तोंड सैल होतं. जरा वेळाने म्हटलं, "हळदीच्या दिवशी तू ड्रमाजवळ बसली व्हती. गाणं लागलं अन् तू उठून गेली. मले चुकल्या-चुकल्यासारखं वाटलं. काऊन गेली ते मले माहीत नाई, म्हणून विचारून राहिली."

"काही नाई वं. डोकं दुखत व्हतं."

"दुखत असंन. माह्याकडून काही झालं असंन तर तेही सांग, मी भांडणार नाई. अन् आज सांगावंसं नसंन तर राहू दे, फोडी तं पुसतेच."

मग मी पुढची फोड उचलली. गप्प बसणं मला किती जड जातं, ते माझ्या सुनेला विचारा. दोन कैऱ्या चिरून झाल्या. तिसरी विळीला लावली आणि तिचा हात थांबला.

"तुह्या घरच्या गाण्यात पहिलं नाव कोणाचं घेत व्हती मी?"

मला एकदम कळलं. आमच्या यांचं. मी मुलीकडची असो की मुलाकडची, सुरुवात तिने नेहमी यांच्यापासूनच केली, व्याही मागून. हे गेले त्यानंतरचं घरातलं हे पहिलंच लग्न.

"मांगं शेजारच्या हळदीत माह्या तोंडातून वारलेल्या माणसाचं नाव निघून गेलं," ती म्हणाली. "सवयीनं. सारा मांडव चूप. नवरी पोरगी रडाले लागली. तुह्या नातीच्या हळदीत तसं झालं असतं तं? दूर बसलेलंच बरं, म्हटलं. तुह्याजवळ बसली असती तं तू मलेच गाणं धरायले लावलं असतं."

"मले आधी सांगायचं ना."

"लग्नघरात? त्याईची याद देऊन तुले रडवू?"

मी हसले, आणि पदरही डोळ्याला लावला. मी जन्मात यांचं नाव घेतलं ते उखाण्यात, तेही लाजत, अर्धं गिळून. मुलं बाबा म्हणायची, गाव पाटील म्हणायचं. यांचं नाव मोठ्याने, खणखणीत घेणारी सगळ्या जगात ही एकटी. ती गप्प बसली तर ते नाव मी कुठे ऐकायचं?

"आता इथं हळद नाई, मांडव नाई," मी म्हटलं. "धर गाणं."

"येडी झाली का? शेजारी ऐकतीन."

"ऐकू दे."

तिने विळी बाजूला सारली, घसा खाकरला आणि पहिलं नाव यांचंच घेतलं. यांच्या घोरण्याने बोदलकशाच्या तलावातले मासे कसे काठावर आले, ते जुनंच कडवं. मी खाली मान घालून कैरीच्या फोडी पुसत राहिले. नाव पुन्हा येईपर्यंत एक कडवं थांबावं लागतं. तेवढं मी थांबले.