वेल टाउस म्हणजे घरी जा?

महिनाअखेरीला माझी खोली सुटणार होती आणि नेदरलँड्समधल्या एनस्खेडेत दुसरी मिळायचं नाव नव्हतं. मग दोन बॅगा घेऊन कुणाच्या तरी सोफ्यावर पडायचं, एवढंच उरणार होतं. अशात युनिव्हर्सिटीजवळच्या एका सत्तरीच्या बाईंनी त्यांची माळ्यावरची खोली बघायला बोलावलं. खोली झकास! कॉफी झाली, एक बिस्किट झालं, इंग्रजीत भरपूर गप्पाही झाल्या. "हवी असेल तर शुक्रवारपर्यंत कळव," म्हणाल्या आणि साडेपाचला उठल्याच. सहाला जेवायचं असतं, म्हणे.

दारात मी सवयीनं "पुन्हा येईन" म्हटलं. त्यावर त्या हसून डचमध्ये म्हणाल्या, "वेल टाउस!"

माझं डच तेव्हा तीन आठवड्यांचं. टाउस म्हणजे घर, एवढं ठाऊक होतं. झालं! डोकंच फिरलं माझं. आपल्याकडे निघताना कुणी 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतात. यजमान 'बस गं अजून' म्हणतात. आणि ह्या बाई तोंडावर सांगतात, घरी जा? वर मी सायकलवरून कोपऱ्याला वळेपर्यंत खिडकीत उभ्या, हात हलवत. खरंच गेली का बघतायत, दुसरं काय! नको मला यांची खोली, म्हटलं. कळवलंच नाही.

शुक्रवारी दुपारी लॅबमधल्या डच मित्रानं खोलीचं विचारलं. मी तावातावानं सगळं सांगितलं. तो इतका हसला की त्याची कॉफी सांडली.

"अगं, पाहुणा निघाला की म्हणतात ते. नीट घरी पोच! आणि खिडकीतून हात हलवणं? माझी आईही आम्ही दिसेनासे होईपर्यंत हलवते. घालवायचंच असतं तर 'आता आम्ही जेवणार' म्हणाल्या असत्या."

"तेही म्हणाल्या होत्या की!"

"कारण त्या खरंच जेवणार होत्या. कळवलंस का त्यांना?"

पावणेपाच वाजले होते. सायकल कशी हाणली, माझं मला माहीत.

बाईंनी दार उघडलं. "आलीस! त्या दिवशी पोचलीस ना नीट? तुझा मागचा दिवा लागत नव्हता. तू कोपऱ्याला वळेपर्यंत मी बघत होते."

इतकी लाज वाटली की जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं! मी सगळं खरं सांगून टाकलं. त्या पोट धरून हसल्या, मग विचारलं, "तुमच्यात काय म्हणतात?" मी शिकवलं. पाहुणा म्हणतो 'येते', आपण म्हणायचं 'ये'.

दोन वर्षं राहिले त्या माळ्यावर. शिक्षण संपवून पुण्याला निघाले, तेव्हा दारात त्यांनी "वेल..." म्हणायला तोंड उघडलं आणि थांबल्या.

"ये," म्हणाल्या.

मी टॅक्सीत बसले. टॅक्सी कोपऱ्याला वळेपर्यंत मी मागच्या काचेतून हात हलवत होते. त्याही.