टिपणीसांचा साडेसहावरचा केक

गुरुनाथ टिपणीस म्हणजे आकड्यांचा माणूस. रियाधमध्ये एका बँकेत बावीस वर्षं, त्यातली चौदा जोखीम मोजण्याच्या विभागात. कोणी सहज म्हणालं, "विमानतळ अर्ध्या तासावर आहे," तर हे म्हणणार, "शुक्रवारी सकाळी सव्वीस मिनिटं, गुरुवारी संध्याकाळी एकोणसत्तर." लग्नाला आलेल्या पाहुण्याला पहिल्या भेटीत ते त्याच्या गाडीचं मायलेज विचारतात. माणूस वाईट नाही. फक्त कोणाला काही विचारायचं म्हटलं की त्यांच्या घशात काटा अडकतो.

त्या शुक्रवारी दुपारी तो काटा बाहेर निघाला. कसा, ते ऐका.

टिपणीसांच्या खाली, पहिल्या मजल्यावर सिराजुद्दीन आणि रुकय्या. रत्नागिरीकडचे. त्यांची मुलगी दुआ हिची मंगनी त्याच संध्याकाळी, मगरिबच्या नमाजानंतर. खजुराचा केक गुरुनाथांच्या बायकोने, सरोजवहिनींनी करायचा, हे महिन्यापूर्वीच ठरलेलं. वहिनींचा तो केक म्हणजे साऱ्या ओळखीपाळखीत नाव काढलेली वस्तू. अमेरिकेतल्या बहिणीकडून आलेली कृती, वहीत निळ्या शाईत उतरवलेली: साडेतीनशे अंश, पन्नास मिनिटं. आणि मंगनीच्या चार दिवस आधी वहिनी बाथरूममध्ये घसरल्या. उजवा हात कोपरापर्यंत प्लॅस्टरमध्ये.

"मी करतो," गुरुनाथ म्हणाले. "त्यात काय, मापंच तर आहेत."

वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं. तीस वर्षांच्या संसारात या माणसाने अंडं फोडलं होतं ते एकदाच, आणि तेही हातातून पडून.

खरी अडचण मात्र अंड्यांची नव्हती. भाडी इतकी चढली की टिपणीस मोठं घर सोडून नुकतेच या जुन्या इमारतीत आले होते. वहिनींचा विजेचा ओव्हन, ज्याच्या बटणावर थेट फॅरनहाइटचे आकडे होते, तो आधीच्या घरातच विकून टाकला. कारण नव्या घरात घरमालकाचा ओव्हन होता. कोण्या इंग्रज कुटुंबाने जाताना मागे ठेवलेला, गॅसवरचा, जात्याएवढा जड. त्याच्या बटणावर अंशांचा पत्ता नाही. एक ते नऊ आकडे, बस. वहिनींनी त्याला अजून हात लावला नव्हता.

"अहो, नेटवर बघा ना," प्लॅस्टर छातीशी धरून वहिनी म्हणाल्या.

"नेटवर दहा लोकं दहा सांगतात. मला गणित येतं."

आणि खरंच, पहिलं गणित बिनचूक केलं. साडेतीनशेतून बत्तीस वजा, तीनशे अठरा. त्याला पाचाने गुणून नवाने भागलं. एकशे सत्याहत्तर सेल्सियस. वहीच्या समासात लिहून त्याभोवती चौकट काढली. आता ते नऊ आकडे. कुठलाही ओव्हन अडीचशेपर्यंत जातो, म्हणजे नऊ बरोबर अडीचशे. अडीचशे भागिले नऊ, एका आकड्याला जेमतेम अठ्ठावीस. एकशे सत्याहत्तर भागिले अठ्ठावीस... सहा पूर्णांक काहीतरी. बटण सहा आणि सातच्या मध्ये नेऊन ठेवलं, एखाद्या तिजोरीला लावावं तसं.

"साडेसहा," ते म्हणाले. "झालं."

वहिनींना काही पटेना. पण हात प्लॅस्टरमध्ये, आणि नवरा आकड्यांमध्ये. दोघेही हलणारे नव्हते.

पंधरा मिनिटांत वास आला. "खजूर शिजायला लागला की असाच गोडसर येतो," गुरुनाथ म्हणाले, म्हणजे त्यांना काहीही ठाऊक नव्हतं. पंचविसाव्या मिनिटाला धूर. दार उघडलं तर वरून डांबरी रस्ता, आणि सुरी आत घातली तर कच्चं पीठ लोंबत आलं. गुरुनाथ त्या केकाकडे असे बघत राहिले, जणू त्यानेच त्यांचा अपमान केला आहे.

"उत्तर बरोबर होतं," ते म्हणाले. "ओव्हनच खराब आहे."

"ओव्हन खराब असो नाहीतर उत्तर," वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज असा फार क्वचित चढतो. "खजूर आता एकाच केकापुरता उरलाय. आणि तुम्ही पोरीच्या मंगनीत काय घेऊन जाणार, ही कोळशाची वीट?"

गुरुनाथांनी पुन्हा गणित केलं. पुन्हा तेच. आकडे कधी त्यांच्याशी असे वागले नव्हते. त्यांना राग आला, मग तो राग कोणावर काढावा हे कळेना, म्हणून त्यांनी बटणावर टिचकी मारली.

तेवढ्यात बेल वाजली. दारात सिराजुद्दीन, इस्त्रीच्या झब्ब्यात, कानात अत्तराचा फाया.

"अवो टिपणीससाहेब, वर काय जळतंय की काय? खाली आमच्या पाव्हण्यांच्या खोलीत धूर येतो."

झालं. ज्याच्या मुलीचा केक, तोच दारात. गुरुनाथांनी ट्रे मागे लपवायचा प्रयत्न केला, पण केकपेक्षा धूर उंच होता.

"साडेसहावर ठेवला होता," वहिनींनी सांगून टाकलं.

सिराजुद्दीन आधी हसला. मग मुलीचा बाप आहोत हे आठवून त्याने कपाळाला हात लावला. आता गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान असलं तरी त्याआधी तो जुबैलला इंग्रज इंजिनिअरांच्या मेसमध्ये अकरा वर्षं आचारी होता, हे गुरुनाथांना माहीत होतं. पण एवढ्या वर्षांच्या ओळखीत त्याला विचारावं असं काही असेल, हे त्यांच्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

काटा घशात आडवा झाला. गुरुनाथ खाकरले. वहिनी प्लॅस्टरवर बोटं वाजवत उभ्या.

"कितीवर... ठेवायचा असतो?"

"मेसमध्ये असलाच ओव्हन होता. हा शून्यापासून चालत नाय, साहेब. एक आकडा म्हणजेच पावणेतीनशे फॅरनहाइट. पुढे दर आकड्याला पंचवीस. दोन म्हणजे तीनशे, तीन म्हणजे सव्वातीनशे..."

"चार म्हणजे साडेतीनशे," गुरुनाथ हळूच म्हणाले. म्हणजे वहीतल्या आकड्याला सेल्सियस करायची गरजच नव्हती! तीन ओळींचं गणित, चौकट, सगळं फुकट. साडेसहावर दोनशेच्या वर सेल्सियस चढतो. त्यांना ओव्हनपेक्षा स्वतःचा जास्त राग आला.

"पण जुना माणूस आहे हा," सिराजुद्दीनने ओव्हनच्या पोटावर थाप मारली. "आकड्यावर भरवसा नको. थांबा." आणि तो खाली जाऊन ओव्हनमध्ये टांगायचा छोटा तापमापक घेऊन आला. मेसमधला, काच पिवळी पडलेली. त्यावर मात्र फक्त सेल्सियस.

"यावर किती यायला हवा, ते तुम्ही सांगा. मला ते जमत नाय."

"एकशे सत्याहत्तर," गुरुनाथ म्हणाले. दुपारपासून पहिल्यांदाच त्यांचा आवाज सरळ आला.

चारवर ठेवून वीस मिनिटं वाट पाहिली. काटा एकशे पंच्याण्णववर. ओव्हन गरम चालत होता. तीनवर उतरवला, काटा घसरत एकशे ऐंशीजवळ थांबला. मग गुरुनाथांनी दुसरं पीठ फेटलं, वहिनी डाव्या हाताने दाखवत राहिल्या, आणि सिराजुद्दीन घरी पाहुणे खोळंबलेले असताना बावन्न मिनिटं ओट्याला टेकून उभा राहिला. रुकय्याचे तीन फोन आले. सुरी कोरडी निघाली तेव्हा तोच आधी "अल्हम्दुलिल्लाह" म्हणाला.

संध्याकाळी केक कापला गेला. नवरदेवाच्या आईने दुसरा तुकडा मागितला. दुआ गुरुनाथांजवळ आली.

"काका, कृती द्या ना. माझ्या सासरचा ओव्हन सेल्सियसचा आहे."

गुरुनाथांचा चेहरा फुलला. त्यांनी खिशातून पेन काढलं. "एकशे सत्याहत्तर. नीट लिही. साडेतीनशेतून आधी बत्तीस वजा, मग..."

"एकशे ऐंशी लिही गं, खलास," रुकय्या मागून म्हणाली. "भाईसाब, यल्ला, चला, जेवण थंड होतंय."

"तीन अंशांचा फरक आहे, रुकय्याभाभी!"

पण दुआने एकशे ऐंशी लिहून घेतलं होतं आणि ती हसत निघूनही गेली होती. गुरुनाथ पेनचं टोपण हातात घेऊन उभे. समोर सिराजुद्दीन ताट घेऊन आला, आणि गर्दीत जागा नसतानाही त्यांच्यासाठी आपल्या शेजारी एक खुर्ची ओढली.