व्हय महाराजा

सुप्याहून दिग्गीकडे जाणाऱ्या वाटेवरच्या त्या गावात माझी नेमणूक झाली, तेव्हा मी देवाकडे एकच मागणं मागितलं : लवकर बदली व्हावी. मी खानापूरचा माणूस. मला बाजार हवा, चार लोकांशी गप्पा हव्यात, आणि पायाला जळू न लागता घरी पोचता येईल असा रस्ता हवा. इथे सगळं रान. शाळा भरायची ग्रामदेवाच्या देवळासमोरच्या मंडपात. पोरं अक्षरं गिरवायची आणि देव आतून बघत बसायचा. मी पहिल्याच महिन्यात बदलीचा अर्ज ठोकून दिला.

त्या वर्षी सुगी आटोपल्यावर शाळा तपासायला साहेब येणार असं कळलं. सोबत एक कुणकुणही लागली. गावात शाळेला इमारत नाही, तेव्हा ही शाळा उचलून बाजाराच्या गावी न्यायची असं वर घाटत होतं. गाव हवालदिल झालं, कारण बाजाराचं गाव दोन ओढे ओलांडून, आणि पावसाळ्यात ते ओढे कुणाच्या बापाचं ऐकत नसत. माझ्या मनात मात्र आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. शाळेबरोबर मीही हललो असतो.

तरी परीक्षेत नाक कापून घ्यायची माझी तयारी नव्हती. मोठ्या मुलांना मी व्याकरण घोटून घेऊ लागलो. क्रियापद नुसती माहिती देतं तो स्वार्थ, हुकूम सोडतं तो आज्ञार्थ, ‘असतं तर’ म्हणतं तो संकेतार्थ, इथपर्यंत गाडी आली. विध्यर्थाच्या चढणीला मात्र बैल बसले. इच्छा, तर्क, विनंती, कर्तव्य दाखवणारं एक वाक्य सांगा म्हटलं, की पोरं ओरडत, “बस! खा! पळ!”

“अरे गाढवांनो, हा हुकूम झाला!” मी खेकसलो. “हुकूम नको. मनातलं मागणं सांगा.”

गावकाराची, म्हणजे गावच्या मुख्याची, नात ही वर्गातली एकमेव मुलगी होती. ती म्हणाली, “मास्तर, मागणं तर आजा देवाला सांगतो. पीक यावं, गुरंढोरं बरी ऱ्हावी. तसलं?”

“तसलंच!” मी जागचा उठलोच.

मग काय विचारता! आमच्याकडे गाऱ्हाणं घालायची रीत आहे. गावकार नारळ ठेवून देवाला एकेक मागणं सांगतो आणि प्रत्येक मागण्याला सगळा गाव एकमुखाने ‘व्हय महाराजा’ म्हणतो. आम्ही वर्गात तसंच सुरू केलं. एकाने म्हणायचं, “पाऊस वेळेवर पडावा,” बाकीच्यांनी गर्जायचं, “व्हय महाराजा!” मग तर्काची पाळी आली. पोरं शेतातली मोडलेली धाटं बघून येत आणि सांगत, “रात्री गवे आले असावेत.” गवे डोळ्यांनी पाहिलेले नसत, म्हणून ‘असावेत’. पाहिले तर ‘आले’. विनंतीसाठी एकेकाला पाहुणा करून बसवलं. “पाहुण्यांनी बसावं, पाणी घ्यावं.” वर्गाला एवढी गोडी लागली, की गुरं राखणारी पोरंही खांबाआडून ‘व्हय महाराजा’ करू लागली. मलाही मजा येत होती, खोटं कशाला बोला.

साहेब आले ते घोड्यावरून, घामाघूम आणि कपाळाला आठ्या घालून. गावकाराच्या नातीने पाय धुवायला पाणी दिलं. सगळा गाव मंडपाच्या कडेने उकिडवा बसला होता. वाचन झालं, गणित झालं, बरं झालं. मग साहेबांनी विचारलं, “‘पाऊस वेळेवर पडावा.’ सांगा, यात काय दाखवलं आहे?”

उत्तर होतं, इच्छा. पण कानावर ते वाक्य पडलं मात्र, अख्खा वर्ग एका दमात गर्जला,

“व्हय महाराजा!”

कडेला बसलेल्या गावानेही सवयीने साथ दिली. घोडा बिचकला. साहेबांचा चेहरा लालबुंद झाला.

“थट्टा करता? मास्तर, हे शिकवता तुम्ही?”

मी खुलासा करायला पुढे झालो. तेवढ्यात ती मुलगी उभी राहिली. “सायब, थट्टा न्हाई. इच्छा सांगितली की आमच्यात व्हय म्हणत्यात. न्हाई म्हटलं तर ती पुरी कशी व्हायाची?”

साहेबांनी तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. “अस्सं! मग तर्काचं एक वाक्य सांग. पाठ केलेलं नको.”

तिने अंगणाकडे पाहिलं. “सायबाचा घोडा लंगडत असावा.”

“तुला काय माहीत?”

“माहीत न्हाई. म्हणून तर असावा. मातीत त्याचा एक खूर हलका उठलाय. लंगडताना बघितला असता, तर लंगडतोय म्हटलं असतं.”

साहेबांसोबत आलेल्या शिपायाने जाऊन बघितलं. घोड्याच्या खुरात खडा रुतला होता. साहेबांच्या आठ्या उकलल्या आणि ते मोकळेपणी हसले. मला तर त्या पोरीला खांद्यावर घेऊन नाचावंसं वाटलं.

पण शाळेचा प्रश्न उरलाच. साहेब गावकाराला म्हणाले, “मुलं तयार आहेत. पण इमारतीशिवाय शाळा इथे कशी ठेवावी?”

गावकार उठला. त्याला साहेबांशी बोलायची रीत ठाऊक नव्हती. कुणा मोठ्याकडे मागायचं तर ते कसं, एवढंच ठाऊक होतं. त्याने साहेबांपुढे नारळ ठेवला, हात जोडले आणि देवासाठीच्या खड्या आवाजात सुरू केलं.

“बा महाराजा, तू लांबून आलास. शाळा हितंच ऱ्हावी.”

“व्हय महाराजा!”

“आमच्या हातानं तिला बांबूच्या भिंती व्हाव्यात, वर गवताचं छप्पर यावं.”

“व्हय महाराजा!”

“ओढ्याच्या पाण्यात आमचं पोर जाऊ नये.”

या वेळचा ‘व्हय’ हळू आला. बायकांचा आवाज त्यात जास्त होता.

साहेबांनी नारळ उचलून हातात घेतला. मग म्हणाले, “शाळा इथेच राहावी, असं मी वर लिहीन. राहील असं वचन मला देता येत नाही.”

“ऱ्हावी म्हणालास, लई झालं,” गावकार म्हणाला. “फुडचं आमी बघतो. उद्या बांबू तोडायला जातो.”

मग साहेब माझ्याकडे वळले. “मास्तर, तुमचा बदलीचा अर्ज माझ्याकडेच आहे. त्याचं काय करावं?”

सगळ्या गावासमोर हा प्रश्न! मी घसा साफ केला. खानापूरचा बाजार डोळ्यांपुढे आला, आईच्या हातची भाकरी आली. मी बोलणार, तोच गावकाराने पुन्हा हात जोडले. त्याचं गाऱ्हाणं अजून संपलंच नव्हतं.

“आन् महाराजा, हे आमचं मास्तर. त्याला त्याच्या घरची याद येती, आमास्नी कळतं. त्याला हितं करमावं.”

“व्हय महाराजा!”

पोरं ओरडली, बाया ओरडल्या, खांबाआडचे गुराखी ओरडले. आणि त्या गलक्यात सगळ्यात मोठा आवाज माझ्या शेजारून आल्यासारखा वाटला, म्हणून मी वळून पाहिलं. शेजारी कुणीच नव्हतं. तो माझाच होता.

साहेबांनी अर्जाबद्दल पुन्हा विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी मीही कोयता घेऊन बांबू तोडायला गेलो.