कॉलरबाईचा दम

त्या शिवणकारखान्यात गेल्या पंधरवड्यात कॉलरबाईच्या तोंडाच्या तडाख्यातून सुटलेला माणूस शोधूनही सापडला नसता. मास्तर सुटला नव्हता, मिस्त्री सुटला नव्हता, दारातलं मांजरही सुटलं नव्हतं. शर्टाची कॉलर तिच्यासारखी कुणाला बसवता येत नसे, म्हणून तिला कॉलरबाई म्हणत. खरं नाव हजेरीपुरतं.

तिला आठवा महिना लागला होता. उजव्या बरगडीखाली कुणीतरी आतून कोपर रोवून बसल्यासारखं दुखायचं, आणि धाप तर अशी की एक वाक्य बोलायचं तरी मध्ये थांबा घ्यावा लागायचा. भांडणाऱ्या माणसासाठी यासारखं संकट नाही. ऐन रंगात आलेलं वाक्य अर्ध्यावर तुटायचं आणि समोरचा तेवढ्यात सटकायचा.

त्यातून मशीनचं टेबल बुटकं, स्टूल बिनपाठीचं. पोट टेबलाला टेकायचं म्हणून स्टूल मागे, स्टूल मागे म्हणून हात लांब, आणि हात लांब म्हणून अख्खी बाई सुईवर घडी घातल्यासारखी वाकलेली.

"मास्तर, श्वास पुरत नाही," ती म्हणाली, तेव्हा मास्तर कैचीवरून नजरही न उचलता म्हणाला, "जरा दम धर."

"धरायला असता तर धरला असता. तोच नाहीये."

आजूबाजूच्या बायका हसल्या. तीही हसली असती, पण हसायलाही श्वास लागतो.

मास्तर दुष्ट नव्हता, हीच पंचाईत होती. दुष्ट माणसाशी सरळ भांडता येतं. मास्तरने दुसऱ्या दिवशी दया केली. "तुला हलकं काम देतो. खाली बसून धागे काप. मशीनवर ती नवी पोरगी बसेल."

हलकं काम म्हणजे जमिनीवर मांडी घालून, मांडीवर शर्ट घेऊन, त्याच्यात डोकं खुपसून धागे कापायचे. आधी बाईची एक घडी होत होती, आता दोन झाल्या. संध्याकाळपर्यंत बरगडी अशी पेटली की उठताना भिंत धरावी लागली. त्याहून जास्त पेटली ती नवीला आपल्या मशीनवर बघून. शर्टाला काजं करणारी काजवाली बाळंतपणाआधी अशीच 'थोडे दिवस' खाली बसली होती. आता तिचं पोर शाळेत जातं आणि ती अजून धागे कापते. एकदा मशीन सुटलं की सुटलं, हे सगळ्यांना माहीत होतं. कागदावर कुठे लिहिलेलं नव्हतं एवढंच.

घरी आली तर नवऱ्याने दुसरी दया करून ठेवलेली. भावाकडून जुनी गुबगुबीत खुर्ची मागून आणली होती. "बस. आता आराम म्हणजे आराम."

ती बसली आणि त्या खुर्चीने तिला गिळलं. कंबर खाली, गुडघे वर, हनुवटी छातीवर, आणि पोट सरळ घशाशी आल्यासारखं.

"कसं वाटतंय?" नवऱ्याने कौतुकाने विचारलं.

"उठव... आधी."

"अगं, आत्ताच तर—"

"उठव म्हणते ना. सगळे मिळून... मला दुमडायला निघालेत. चादर आहे का मी?"

नवऱ्याने हात देऊन उठवलं आणि सोड्याची बाटली पुढे केली. गॅस असेल, असं त्याच्या मित्राचं म्हणणं होतं. मित्र टायरचा धंदा करायचा. टायरच्या हवेतलं त्याला कळत असेल, ती म्हणाली, माझ्या पोटातल्या नाही.

सकाळी ती दवाखान्यात गेली ती रागातच. तिथल्या सिस्टरने आधी काहीच सांगितलं नाही, नुसतं विचारलं. धाप एकदम लागली की हळूहळू वाढली? डोकं दुखतं? डोळ्यांपुढे ठिपके येतात? छातीत दुखतं, धडधडतं? पायाची पोटरी एकीकडेच सुजली का? मग रक्तदाब घेतला, लघवी तपासली, बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला, छाती ऐकली.

"उजव्या बरगडीखालचं दुखणं कधीकधी रक्तदाबाचं असतं, म्हणून आधी ते बघितलं. तसं काही नाही. गर्भाशय वर बरगड्यांपर्यंत आलंय. फुप्फुसांखाली स्नायूचा पडदा असतो. श्वास घेताना तो खाली सरकतो. आता त्याला सरकायला जागा कमी. बरगड्याही बाहेर ताणल्यात, म्हणून दुखतंय. दिवसभर कशा बसता?"

कॉलरबाईने दाखवलं. मग जमिनीवरचं दाखवलं. मग त्या खुर्चीचंही दाखवायला निघाली.

"पुरे," सिस्टर म्हणाली. "जी थोडी जागा उरलीय तीही तुम्ही वाकून घालवताय. पाठ ताठ करा. खांदे मागे. आता दोन्ही हात डोक्यावर उचला आणि सावकाश श्वास घ्या."

तिने हात उचलले. बरगड्यांचा पिंजरा पोटावरून किंचित उचलला गेला आणि श्वास आत, खोल, गेला. पंधरा दिवसांत पहिल्यांदा पुरा. तिला बरं वाटण्याआधी रागच आला. एवढंच होतं, आणि सगळे जण तिला सोडा पाजत होते.

"झोपताना डाव्या कुशीवर, डोकं-खांदे उशांवर उंच," सिस्टर म्हणाली. "एकाच जागी फार वेळ बसू नका. बाळ खाली उतरलं की बरंच हलकं वाटेल. पण धाप एकदम वाढली, छातीत दुखलं, डोकं फार दुखलं, तर वाट बघायची नाही. लगेच यायचं."

कारखान्यात येऊन ती सरळ नवीसमोर उभी राहिली. "ऊठ." नवी उठली. त्या आवाजाला मशीनही उठलं असतं.

कॉलरबाई बसली, दोन कॉलरी शिवल्या, बरगडी कुरकुरली, तिने दोन्ही हात वर केले. आणि मिस्त्री पाना घेऊन धावत आला. मशीनच्या खडखडाटात हाक ऐकू जात नाही, म्हणून त्या कारखान्याची रीतच होती: मशीन अडलं की हात वर.

"काय अडलं?"

"काही नाही. जा."

थोड्या वेळाने पुन्हा हात वर, पुन्हा मिस्त्री. तिसऱ्या वेळी त्याला घाम फुटला होता. "बाई, एक हात म्हणजे मशीन बिघडलं. दोन हात म्हणजे काय, आग लागली?"

"मशीन बरंय. मी अडलेय. आलाच आहेस तर हे टेबल उचल. पायांना नट आहेत ना?"

मास्तर तिथवर आला. "मी तुला हलकं काम दिलं होतं."

"हलकं तुमच्यासाठी. मला त्याने... मारलं." तिने हात डोक्यावर नेले, श्वास भरला आणि हात तसेच वर ठेवून बोलत राहिली. पहिल्यांदाच वाक्य तुटलं नाही. "वाकले की आत जागा राहत नाही, म्हणून दम लागतो. काम मला जमतं, वाकणं जमत नाही. टेबल वर घ्या, पाठीची खुर्ची द्या, मध्ये उठून चार पावलं टाकू द्या. कॉलर मीच बसवणार. आणि बाळंतपणानंतरही हे मशीन माझंच, हे आत्ता सगळ्यांसमोर बोला."

मशीनं एकेक करून थांबली. काजवाली धागे कापायची थांबली. मग तिने खालूनच एक हात वर केला. शेजारच्या ओळीतून दुसरा वर गेला. मिस्त्री बिचारा पाना घेऊन कुणीकडे जावं ते न कळून गोल फिरला.

"बरं, बरं, तुझंच," मास्तर म्हणाला. "हात खाली करा आधी. पण पाठीची खुर्ची आणू कुठून?"

कारखान्यात पाठीची खुर्ची एकच होती, दाराजवळची. ती कुणाची, हे सांगायची गरज नव्हती. मिस्त्री टेबलाचे नट सैल करत होता, त्याने मान खाली घालूनच सांगितलं, "आणतो."

दुपारी मास्तर कापडाच्या गठ्ठ्यावर बसून कंबर चोळत होता. "आता मी किती दिवस असं बसायचं?"

कॉलरबाई ताठ पाठीने कॉलर वळवत होती. राग अजून पुरता उतरला नव्हता, पण श्वास पुरत होता.

"जरा दम धरा, मास्तर," ती म्हणाली.